फोन बंद पडलेला नाही: श्रवण चाचणीच्या सूचना नेमक्या कशा बोलायच्या

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. तुमच्या ॲपमध्ये वेग 1.5x वर असेल तर तो 1x वर आणा. आणि सेटिंगमध्ये "Skip silence" किंवा "Trim silence" असं काही चालू असेल तर तेही आजच्यापुरतं बंद करा. कारण आजचा विषयच शांतता आहे. परीक्षेतल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन प्रश्नांच्या मध्ये जी शांतता असते, ती. वाचणाऱ्यांनी जिथे कंसात सेकंद दिलेत तिथे एकदा तरी घड्याळ बघून तेवढं थांबून बघा. पंधरा सेकंद किती लांब असतात ते थांबल्याशिवाय कळत नाही.

मी मराठी शिकवतो, नववीला. शाळा धरमतरच्या बाजूला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वडखळवरून अलिबागकडे निघालं की खाडीवरचा मोठा पूल लागतो, ते धरमतर. अंबा नदी इथे खाडी होते, भरतीबरोबर बार्ज वर येतात आणि रस्त्यावर दिवसभर ट्रक असतात. वर्गात आगरी बोलणारी मुलं आहेत, कोळीवाड्यातली आहेत, आणि कंपनीच्या कामासाठी बाहेरच्या राज्यांतून आलेल्या घरांतलीही आहेत. म्हणजे एकच वाक्य चाळीस कानांत चाळीस तऱ्हांनी शिरतं.

आता ही चाचणी कशासाठी, ते थोडक्यात. आपल्या बोर्डात नववी-दहावीला भाषेचा पेपर 80 गुणांचा लेखी आणि 20 गुण शाळेच्या हातात. 2018-19 ला ते 20 गुण काढले होते. मार्च 2019 ला दहावीचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला, आदल्या वर्षी तो 89.41 होता. मग 2019-20 पासून ते गुण परत आले. त्या वीसमध्ये ऐकण्याचाही वाटा असतो, आणि ऐकवायचं काय, कसं, हे शाळेतला शिक्षकच ठरवतो. बहुतेक ठिकाणी सर किंवा बाई समोर उभं राहून उतारा वाचतात. मी म्हटलं, आपण फोनवर रेकॉर्ड करू. दोन्ही तुकड्यांना तोच आवाज, तोच वेग. कुणावर अन्याय नको.

आणि पहिल्याच फटक्यात अन्याय झाला.

पहिलं रेकॉर्डिंग

मी आठ प्रश्न काढले. रात्री उशिरा, ट्रक कमी झाल्यावर, रेकॉर्ड केले. सुरुवातीला एवढंच बोललो: "नीट ऐका आणि उत्तरं लिहा. प्रत्येक उतारा पुन्हा ऐकवला जाईल." झालं. मला वाटलं, यात न कळण्यासारखं काय आहे?

'अ' तुकडीत लावलं. पहिला प्रश्न गेला, दुसरा गेला. दुसऱ्यानंतर मी वीस सेकंद ठेवले होते, उत्तर लिहायला. बाराव्या-तेराव्या सेकंदाला मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, बंद पडला!" दुसरा म्हणाला, "ब्लूटूथ गेला." सगळे स्पीकरकडे बघायला लागले, दोघं उठून उभे राहिले, आणि नेमका त्याच वेळी तिसरा प्रश्न सुरू झाला. निम्म्या वर्गाला तो ऐकूच आला नाही.

मुलं म्हणाली, सर परत लावा. मी लावला. साहजिक वाटलं तेव्हा.

दुसऱ्या तासाला 'ब' तुकडीत तेच रेकॉर्डिंग. तिथे कुणी ओरडलं नाही, तिसरा प्रश्न नीट गेला. दुसऱ्या दिवशी 'ब'मधली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. म्हणाली, "सर, तिसरा प्रश्न त्यांना तीनदा ऐकवलात आणि आम्हाला दोनदा. असं कसं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिसरा प्रश्न दोन्ही तुकड्यांतून रद्द केला. त्यात त्या मुलीचा बरोबर आलेला गुणही गेला. ती काही बोलली नाही, पण मला ते लागलं. एका गुणानं काय होतं, असं म्हणणाऱ्यानं नववीच्या पोराला विचारून बघावं.

पेपर तपासताना अजून एक गोष्ट दिसली. पाच-सहा मुलांची पहिली दोन उत्तरं कोरी. हुशार मुलं ही. विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, पुन्हा ऐकवलं जाईल. आम्हाला वाटलं सगळे आठ उतारे झाले की परत पहिल्यापासून लागणार. तेव्हा लिहू म्हटलं."

बघा. "पुन्हा ऐकवला जाईल" या तीन शब्दांत मी तीन गोष्टी सांगितल्याच नव्हत्या. पुन्हा म्हणजे किती वेळा? लगेच, की शेवटी? आणि फक्त उतारा, की प्रश्नही? माझ्या डोक्यात तिन्हींची उत्तरं होती, म्हणून वाक्य मला स्पष्ट वाटलं.

समोर उभा असलेला शिक्षक अशी चूक निभावून नेतो. मुलांचे चेहरे बघतो आणि अजून एक वाक्य टाकतो. रेकॉर्डिंगला चेहरे दिसत नाहीत, आणि त्याला प्रश्नही विचारता येत नाही. त्यामुळे मुलाच्या मनात येणारा प्रत्येक प्रश्न आधीच ओळखून त्याचं उत्तर त्या आवाजातच घालावं लागतं.

आधी प्रश्न, मग उतारा

दुसऱ्यांदा लिहायला बसलो तेव्हा सूचनांच्या आधी क्रम बदलला. पहिल्या वेळी मी उतारा ऐकवत होतो आणि मग प्रश्न वाचत होतो. म्हणजे मुलाला माहीतच नाही की कशासाठी ऐकायचं. त्यानं वेळ लक्षात ठेवायची, भाडं लक्षात ठेवायचं, की गावाचं नाव? ती श्रवणाची परीक्षा राहत नाही, पाठांतराची होते. आता प्रश्न आणि पर्याय छापील कागदावर असतात, आणि उतारा सुरू होण्याआधी ते वाचायला ठरलेला वेळ मिळतो.

मग दोन भाग केले. पहिल्या भागात चार छोट्या घोषणा, प्रत्येकीवर एक प्रश्न, प्रत्येक घोषणा दोनदा. दुसऱ्या भागात एक दीड मिनिटाचं संभाषण, त्यावर चार प्रश्न, आणि संभाषण एकदाच.

एकदा आणि दोनदा असा फरक का? घोषणेत माहिती एकदाच येते. "फलाट क्रमांक एक" हे ऐकताना मागे कुणी खोकलं की गेलं. खोकल्याचा दंड मुलाला नको, म्हणून दोनदा. संभाषणाचं तसं नाही. तिथे माणसं आपणहून परत विचारतात: "किती वाजता म्हणालीस?" "साडेनऊला गं." पुनरावृत्ती बोलण्यातच असते. म्हणून ते एकदाच ऐकवलं तरी चालतं. मात्र लिहितानाच तसं लिहावं लागतं. उत्तराची प्रत्येक गोष्ट संभाषणात दोन वेगळ्या वाक्यांत आली पाहिजे. ती एकदाच येत असेल तर एकदा ऐकवणं हा जुगार होतो.

पूर्ण सूचना, जशाच्या तशा

आता मी जे रेकॉर्ड केलं ते जसंच्या तसं देतो. कंसातले सेकंद म्हणजे पूर्ण शांतता. "टिंग" म्हणजे छोटी घंटी.

> टिंग. ही मराठीची श्रवण चाचणी आहे. माझा आवाज नीट ऐकू येत नसेल, तर आत्ता हात वर करा. (10 सेकंद)
>
> आता चाचणी सुरू होत आहे. यापुढे रेकॉर्डिंग थांबवलं जाणार नाही. चाचणीचे दोन भाग आहेत. एकूण आठ प्रश्न आहेत. मध्ये मध्ये काही वेळ आवाज येणार नाही. तो वेळ वाचण्यासाठी किंवा लिहिण्यासाठी आहे. पुढचा आवाज येण्याआधी घंटी वाजेल.
>
> टिंग. भाग पहिला. प्रश्न एक ते चार. तुम्ही चार घोषणा ऐकाल. प्रत्येक घोषणा दोनदा ऐकवली जाईल, लागोपाठ. घोषणेच्या आधी प्रश्न वाचायला बारा सेकंद मिळतील. पहिल्यांदा ऐकतानाच उत्तर लिहिलं तरी चालेल. दुसऱ्यांदा ऐकून बदललं तरी चालेल. आधी एक नमुना ऐका. नमुन्याला गुण नाहीत.

नमुन्याचा एक पूर्ण प्रश्न होतो, उत्तर सांगितलं जातं, ते कागदावर कुठे खूण केलेलं आहे तेही सांगितलं जातं. त्याला साधारण एक मिनिट जातं. हे मिनिट वाचवायचा मोह होतो. वाचवू नका. "दोनदा, लागोपाठ" हे शब्द ज्याला कळले नाहीत, त्याला नमुना ऐकून कळतात. मग खरा प्रश्न:

> टिंग. प्रश्न एक. कागदावरचा प्रश्न वाचा. (12 सेकंद)
>
> टिंग. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पेणहून रोह्याला जाणारी साडेनऊची गाडी आज फलाट क्रमांक तीनऐवजी फलाट क्रमांक एकवरून सुटेल. नागोठण्याला उतरणाऱ्या प्रवाशांनी याच गाडीत बसावे. (5 सेकंद)
>
> पुन्हा ऐका. (तीच घोषणा)
>
> उत्तर लिहा. (15 सेकंद)

कागदावर प्रश्न असा: रोह्याची गाडी आज कोणत्या फलाटावरून सुटेल? पर्याय तीन: एक, दोन, तीन. घोषणेत "तीन" आधी येतं. ज्याचा कान तिथेच थांबतो तो तीनवर खूण करतो. "ऐवजी" हा शब्द ऐकला की नाही, हेच मला तपासायचं आहे. मराठी श्रवणाचा प्रश्न म्हणतात तो हा. दुसऱ्यांदा ऐकताना पुष्कळ मुलं स्वतःची चूक दुरुस्त करतात, आणि म्हणूनच "बदललं तरी चालेल" हे मोठ्यानं सांगावं लागतं. नाहीतर काही मुलांना वाटतं, खाडाखोड केली की गुण जातात.

दुसरा भाग:

> टिंग. भाग दुसरा. प्रश्न पाच ते आठ. तुम्ही दोन मैत्रिणींचं संभाषण ऐकाल. हे संभाषण फक्त एकदाच ऐकवलं जाईल. ऐकता ऐकता उत्तरं लिहा. प्रश्न ज्या क्रमाने छापले आहेत, त्याच क्रमाने उत्तरं येतील. आता प्रश्न पाच ते आठ वाचा. (40 सेकंद)
>
> टिंग. (संभाषण, 90 सेकंद)
>
> संभाषण संपलं. ते पुन्हा ऐकवलं जाणार नाही. उत्तरं पूर्ण करा. (40 सेकंद)
>
> टिंग. आता सर्व आठ उत्तरं तपासण्यासाठी एक मिनिट आहे. (60 सेकंद)
>
> टिंग. चाचणी संपली. पेन खाली ठेवा.

"संभाषण संपलं, ते पुन्हा ऐकवलं जाणार नाही" हे वाक्य आधीच सांगितलेल्या नियमाची पुनरुक्ती वाटेल. पण ते नसेल तर चाळीस सेकंद मुलं पेन धरून वाट बघत बसतात. नियम दोन जागी सांगायचा: काम सुरू होण्याआधी, आणि तो लागू होतो त्या क्षणी.

पंधरा सेकंद कुठून आले?

हे आकडे मी हवेतून काढले नाहीत. पहिल्या वेळी काढले होते, तेव्हा सगळीकडे वीस सेकंद ठेवले. ते कुठे जास्त झाले, कुठे कमी.

पद्धत साधी आहे. आठवीच्या चार मुलांना बसवलं, ज्यांना ही चाचणी द्यायची नव्हती. त्यातला एक सगळ्यात सावकाश लिहिणारा. प्रश्न आणि तीन पर्याय मनात वाचून झाले की मान वर करायची, एवढंच सांगितलं. सावकाश वाचणाऱ्याला दहा सेकंद लागले, म्हणून बारा ठेवले. पर्यायावर खूण करायला तीन-चार सेकंद पुरतात. पण खूण करण्याआधी तो विचार करतो, एखादी खोडतो. म्हणून पंधरा. जिथे पर्याय नाहीत, शब्द लिहायचा आहे, तिथे पंधरा पुरत नाहीत. वीस ते पंचवीस लागतात.

दोनदा ऐकवण्याच्या मध्ये मात्र फक्त पाच सेकंद. ती जागा लिहिण्याची नाही, श्वास घेण्याची आहे. तिथे जास्त वेळ दिला की मुलाला वाटतं प्रश्न संपला, आणि तो पान उलटतो.

सगळ्याची बेरीज करून बघा. एका घोषणेचं एक चक्र: "प्रश्न एक" म्हणायला 3, वाचायला 12, घंटीला 2, घोषणा 18, विराम 5, "पुन्हा ऐका" 2, घोषणा परत 18, लिहायला 15. एकूण 75 सेकंद. अशी चार म्हणजे पाच मिनिटं. सुरुवात, नमुना, दुसरा भाग आणि शेवट धरून माझी फाइल 11 मिनिटं 40 सेकंदांची झाली. तासाच्या पस्तीस मिनिटांत कागद वाटून, चाचणी होऊन, कागद गोळा होतात.

आता रेकॉर्ड करताना. पंधरा सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करू नका. त्यात पंख्याचा, कुत्र्याचा, लांबच्या हॉर्नचा आवाज येतो, आणि तुमचे पंधरा कधी अकरा होतात, कधी एकोणीस. नुसती वाक्यं रेकॉर्ड करा आणि शांतता नंतर घाला. मी कॉम्प्युटरवर Audacity वापरतो, फुकट आहे. जिथे विराम हवा तिथे कर्सर ठेवायचा, `Generate` मेनूत `Silence` निवडायचं, सेकंद टाकायचे. आणि घोषणा दुसऱ्यांदा परत वाचू नका, तीच कॉपी करून चिकटवा. दुसऱ्यांदा वाचताना आपण नकळत "ऐवजी" या शब्दावर जोर देतो. म्हणजे उत्तरच सांगतो.

शांतता खाणारी यंत्रं

सुरुवातीला तुम्हाला एक सेटिंग बंद करायला सांगितलं होतं, ते यासाठी. पॉडकास्ट ऐकणाऱ्या पुष्कळ ॲपमध्ये शांतता कापायची सोय असते. गप्पा ऐकायला ती छान. पण चाचणीची फाइल अशा ॲपमध्ये लावली की पंधरा सेकंदांचा विराम क्षणात संपतो, आणि 11 मिनिटं 40 सेकंदांची चाचणी सात-आठ मिनिटांत उरकते. काही फोनच्या रेकॉर्डरमध्येही शांत जागा सोडून पुढे जायची सोय असते. ओळखायचं कसं? चाचणीआधी फाइल पूर्ण लावा आणि भिंतीवरच्या घड्याळात वेळ मोजा. स्क्रीनवरची वेळ बघू नका, ती 11:40 च दाखवेल.

दुसरी भानगड ब्लूटूथ स्पीकरची. बराच वेळ आवाज आला नाही की काही स्पीकर डुलकी घेतात, आणि पुढचा आवाज सुरू होताना पहिला अर्धा-एक सेकंद गिळतात. "प्रश्न चार" चं "श्न चार" होतं. घोषणेचा पहिलाच शब्द उत्तराचा असला तर संपलंच. घंटीचा खरा उपयोग इथे कळला. ती मुलांना जागं करते तशी स्पीकरलाही. गिळायचीच तर घंटी गिळू दे. तरीही, वायर असेल तर वायरच लावा. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. तिसऱ्या प्रश्नाच्या मधोमध कुणा मावशीचा फोन आला तर त्या रेकॉर्डिंगला काही कळत नाही.

पुन्हा लावायचं कधी?

हा नियम रेकॉर्डिंगमध्ये नाही, तो लावणाऱ्यासाठी आहे. मी तो कागदावर लिहून स्पीकरच्या खाली ठेवतो. तीन ओळींचा आहे.

मुलानं सांगितलं "ऐकू आलं नाही", तर पुन्हा लावायचं नाही. त्यासाठीच सुरुवातीचे दहा सेकंद होते. हात वर झाले तर तिथे, आणि फक्त तिथेच, थांबवून आवाज वाढवायचा किंवा मुलाला पुढे बसवायचं.

वीज गेली, स्पीकर बंद पडला, बाहेरच्या आवाजानं कुणालाच काही ऐकू आलं नाही, तर थांबवायचं. पुन्हा लावताना त्या प्रश्नाच्या आधीच्या घंटीपासून लावायचं, मधूनच नाही, आणि सगळ्या वर्गासाठी.

आणि जे झालं ते प्रश्न क्रमांकासह वहीत लिहायचं. म्हणजे दुसऱ्या तुकडीतल्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी असतं.

मोठ्या परीक्षांत हेच

तुमच्यातले बरेच जण आयईएलटीएसची तयारी करत असतील, किंवा पुण्यात जर्मन, जपानी शिकत असतील. तिथे सूचना कानाआड करू नका, कारण नियम परीक्षेपरीक्षेत बदलतात.

आयईएलटीएसच्या श्रवणात चार भाग, चाळीस प्रश्न, आणि सगळं एकदाच. प्रत्येक भागाआधी प्रश्न बघायला वेळ देतात. तो वेळ आराम करायचा नाही. कुठे आकडा हवा, कुठे नाव हवं, ते तेव्हाच बघून ठेवायचं. कागदावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरं उतरवायला दहा मिनिटं मिळायची, कॉम्प्युटरवर मात्र तपासायला दोनच मिळतात. कागदावर सराव करून कॉम्प्युटरवर जाणारे इथे फसतात.

गोएथेच्या जर्मन ए1 परीक्षेत तर एकाच पेपरात नियम बदलतो. पहिला भाग दोनदा, दुसरा एकदाच, तिसरा पुन्हा दोनदा. आणि सूचना जर्मनमध्ये. म्हणजे "एकदा" आणि "दोनदा" या अर्थाचे दोन जर्मन शब्द ज्याला ओळखता येत नाहीत, तो दुसऱ्या भागात दुसऱ्या वेळेची वाट बघत बसतो. माझी कोरी उत्तरं देणारी मुलं आठवली ना?

जपानी जेएलपीटीत उतारे एकदाच ऐकवतात, आणि एका प्रकारात कागदावर पर्यायच नसतात. वाक्यही ऐकायचं, पर्यायही ऐकायचे आणि लगेच आकडा रंगवायचा. तिथे एखादं गेलं तर ते सोडून द्यायचं. मागचं आठवत बसलात की पुढचंही जातं. नमुना प्रश्न ऐकवतात तेव्हा त्या विरामाचा वेग कानात बसवून घ्या, पुढे सगळं त्याच तालात येतं.

दुसऱ्या वेळी

नवीन रेकॉर्डिंग लावलं तेव्हा मी मुद्दाम मागे उभा राहिलो. पहिला लांब विराम आला. एका मुलानं मान वर करून स्पीकरकडे बघितलं. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं आणि कागदाकडे बोट दाखवलं. कुणी "बंद पडला" म्हणालं नाही. कोरं उत्तर एकाचंच होतं, आणि त्याला खरंच येत नव्हतं.

सगळं सुटलं असं नाही. एका मुलाला एका कानानं कमी ऐकू येतं. त्याच्यासाठी विराम वाढवून काही होत नाही. त्याला मी वेगळ्या वेळी, समोर बसवून, ओठ दिसतील असा उतारा वाचून दाखवला, तेवढ्याच वेळा आणि तेवढेच सेकंद मोजून. हे रेकॉर्डिंगनं होणारं काम नाही.

आणि ती 'ब' तुकडीतली मुलगी. चाचणी झाल्यावर कागद देताना म्हणाली, "सर, आज त्यांनापण दोनदाच ना?" मी वही उघडून दाखवली. त्या दिवशीच्या पानावर लिहिलेलं होतं: अ, काही नाही. ब, काही नाही.

आजच्यासाठी एवढंच. वर दिलेल्या सूचना ज्याला हव्यात त्यानं उचलून वापराव्यात, सेकंद मात्र स्वतःच्या वर्गात मोजून घ्यावेत. आणि हो, आता तुमचा वेग परत 1.5x वर न्यायला हरकत नाही. भेटू पुढच्या भागात.